चोवीसपैकी वीस

आमच्या जिल्हा क्रिकेट संघटनेच्या सेक्रेटरींनी एका सोमवारी मला कार्यालयात बोलावलं आणि संशोधन करायला सांगितलं. शब्द त्यांचाच. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे 'संशोधन' म्हटलं की मला लगेच अंगावर काटा येतो.

"टॉसमुळे मॅच जिंकली जाते का, हे आकड्यांनी सिद्ध करून दे," ते म्हणाले.

"सिद्ध करून की तपासून?"

"तेच ते."

टेबलावर काच होती, काचेखाली सहा वर्षांपूर्वीचा संघाचा फोटो होता आणि फोटोत मधोमध माझा धाकटा भाऊ. संघाचा कर्णधार. सेक्रेटरींनी बोलता बोलता बशी बरोबर त्याच्या तोंडावर ठेवली, आणि मला विषय कळला.

धाकट्याला सगळे 'छापा' म्हणतात, कारण कौल द्यायची वेळ आली की तो कायम छापाच मागतो. या मोसमात आठपैकी सात टॉस तो हरला होता. तरीही संघ अंतिम सामन्यात पोचला होता, पण ही गोष्ट कोणी मोजत नव्हतं. सामना येत्या रविवारी, आमच्याच मैदानावर. आणि आमच्या मैदानावर टॉस जिंकणाराच सामना जिंकतो, हे गावातल्या न्हाव्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना पाठ. मग टॉस हरणारा कर्णधार ठेवायचाच कशाला? उपकर्णधाराने धाकट्याच्या आजारपणात दोन सामने सांभाळले होते आणि दोन्ही टॉस जिंकले होते.

"दोनपैकी दोन," सेक्रेटरी म्हणाले. "शंभर टक्के."

"अहो, टॉस जिंकणं हे काही कौशल्य नाही. आठपैकी सात किंवा आठ टॉस हरण्याची शक्यता साडेतीन टक्के असते. लीगमध्ये चौदा कर्णधार आहेत. त्यातला निदान एक तरी एवढा कमनशिबी निघण्याची शक्यता जवळजवळ चाळीस टक्के होते. कोणावर तरी ते येणारच होतं. याच्यावर आलं."

"मग तेच तर म्हणतोय ना मी! याच्यावरच का आलं?"

मी हात टेकले. या प्रश्नाला संख्याशास्त्रात उत्तर नाही, आणि ज्या शास्त्रात आहे ते मला येत नाही.

खरं म्हणजे हे काम माझ्याकडे यायलाच नको होतं. कर्णधाराची सख्खी बहीण मी. आमच्या मैदानावर एकतीस वर्षं गुणलेखन करणाऱ्या अप्पांची मुलगीही मीच. मी तसं बोलूनही दाखवलं. सेक्रेटरी म्हणाले, "अगं, घरचीच आहेस म्हणून तर. बाहेरचा माणूस आठवडा लावेल." शुक्रवारी कमिटीची बैठक होती. त्यात कर्णधार ठरणार होता.

धाकटा चौतीस वर्षांचा आहे. गुडघा बोलायला लागलाय. हा त्याचा शेवटचा मोसम, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. सात वर्षं कर्णधार, चषक एकदाही नाही. रविवारी संघ घेऊन मैदानात उतरायचं एवढं एकच त्याला हवं होतं. मला ते त्याला मिळवून द्यायचं होतं. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी किती निष्पक्ष होते त्याचा हिशोब तुमचा तुम्हाला लावता येईल.

संघटनेने आठ मोसमांच्या सामन्यांची टाइप केलेली फाइल दिली. मैदानं बारा. तीन वर्षांपूर्वी कार्यालयाने एक परिपत्रक काढलं होतं: जुन्या सगळ्या वह्यांमधली टॉसची ओळ भरून पाठवा, सगळं कॉम्प्युटरवर चढवायचं आहे. त्याआधी टॉस लिहायचा की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर होतं. बहुतेक मैदानांच्या गुणलेखकांनी जिथे नोंद नव्हती तिथे 'नोंद नाही' लिहून पाठवलं आणि ते जेवायला गेले. आमच्या अप्पांच्या मैदानाची मात्र एकूण एक ओळ भरलेली. एकही चौकोन रिकामा नाही. मला बापाचा अभिमान वाटला, तोही भरपूर.

'नोंद नाही' वाले सामने वगळले, बरोबरीत सुटलेले आणि पावसाने धुतलेले वगळले. उरले दोनशे शहात्तर. त्यात टॉस जिंकणाऱ्याने सामना जिंकला होता एकशे एकोणपन्नास वेळा. म्हणजे चोपन्न टक्के.

टॉस तपासायला तशी सोयीची गोष्ट आहे. बलाढ्य संघ सराव जास्त करतो, त्याची बस चांगली असते, पण नाणं माणूस बघून पडत नाही. त्यामुळे टॉस जिंकणारे आणि हरणारे यांची तुलना सरळ करता येते. टॉसने काहीही फरक पडत नाही असं धरून चालायचं, म्हणजे जिंकण्याची शक्यता निम्मी-निम्मी. मग विचारायचं, तसं असताना निव्वळ योगायोगाने निकाल इतका किंवा याहून जास्त एकतर्फी दिसण्याची शक्यता किती? उत्तर आलं एकवीस टक्के. एकवीस टक्के म्हणजे रोजची गोष्ट. पाच टक्क्यांच्या खाली आलं तर आम्ही लोक भुवई उंचावतो.

मी मंगळवारी सकाळी आनंदाने कळवलं: टॉसचा परिणाम दिसत नाही.

सेक्रेटरींचा अर्ध्या तासात फोन. "सगळी मैदानं एकत्र केलीस म्हणून. आमटीत हिंग शोधल्यासारखं झालं. मैदानवार कर की!"

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हेच वाईट होतं. एखाद्या मैदानावर टॉस महत्त्वाचा असेल, इतरांवर नसेल, हे शक्य असतं. फक्त एक पथ्य पाळावं लागतं. बारा मैदानं वेगवेगळी तपासली तर टॉसचा कुठेच काही संबंध नसतानाही एखादं मैदान पाच टक्क्यांच्या खाली येण्याची शक्यता शेहेचाळीस टक्के असते. म्हणून रेघ बारापट कडक करायची. पाच भागिले बारा, म्हणजे हजारात चार आणि वर थोडं. मी ती रेघ आकडे बघायच्या आधी कागदावर लिहिली, तारीख टाकली, सही केली. विद्यार्थ्यांना मी हे दरवर्षी सांगते, स्वतः पहिल्यांदाच केलं.

अकरा मैदानं रेघेच्या आसपासही आली नाहीत. बारावं आमचं. चोवीस सामने, टॉस जिंकणारा जिंकला वीस वेळा. शक्यता दहा हजारात पंधरा.

रेघ ओलांडून पार पलीकडे. माझी सही असलेली रेघ.

मी चाचणी पुन्हा केली. मग हाताने केली, पेन्सिलने, कॉलेजात पोरांकडून करून घेतो तशी. पंधरा म्हणजे पंधराच. सेक्रेटरींना कळवताना माझा आवाज बारीक झाला होता. त्यांचा आवाज मात्र रस्त्यावर ऐकू गेला असता.

"म्हणजे नव्याण्णव पूर्णांक पंच्याऐंशी टक्के खात्री की टॉसमुळेच!"

"नाही हो. टॉसचा काही संबंध नसता तर असा आकडा येण्याची शक्यता पंधरा हजारांश... म्हणजे दहा हजारात पंधरा. तुम्ही म्हणता ते वेगळं. आणि टॉस महत्त्वाचा ठरला, तरी धाकटा पुढचा टॉस हरेल असं कुठे..."

"ते बघू आम्ही. तुझं काम उत्तम झालं. छापायला टाकतो."

संध्याकाळी धाकटा घरी आला तेव्हा त्याला सगळं कळलेलं होतं. बूट काढता काढता म्हणाला, "ताई, तू माझ्या बाजूने होतीस ना?"

"होते रे."

"मग विरोधात असतीस तर काय केलं असतंस?"

अप्पा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला. "आकडे आहेत ते. त्यांच्यावर कशाला रागावतोस? मी एकतीस वर्षं बघतोय. आपल्या मैदानावर टॉस हातातून गेला की मॅच गेली." आणि पेपर पुन्हा वर. धाकटा जेवला नाही. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं कधी झालं नव्हतं.

बुधवारी कॉलेज सुटल्यावर मी मैदानावर गेले. आकडा आहे तर त्यामागे कारण हवं. सकाळी ओल असते, संध्याकाळी खेळपट्टी फुटते, काहीतरी हवं. मैदानाची देखभाल करणारे माळीकाका रोलरच्या दांड्यावर बसून पाइप गुंडाळत होते. बावीस वर्षं खेळपट्टी त्यांच्याच हातची.

"काका, इथे टॉस जिंकून फायदा काय होतो?"

"कुणाला?"

"टॉस जिंकणाऱ्याला."

"सावलीतली बाजू आधी मिळते बसायला." ते उठले आणि टाचेने खेळपट्टी ठोकून दाखवली. "सिमेंट आहे हे सिमेंट. सकाळी जशी, तशीच संध्याकाळी. ना चेंडू वळत, ना उसळत. मी स्वतः करतो म्हणून सांगतो, अशी मठ्ठ खेळपट्टी जिल्ह्यात दुसरी नाही." हे ते अभिमानाने सांगत होते.

मी तिथेच पायरीवर बसून फाइल उघडली आणि जे सोमवारीच बघायला हवं होतं ते बघितलं. टॉस जिंकून जे वीस सामने जिंकले, त्यात दहा जणांनी आधी फलंदाजी घेतली होती आणि दहा जणांनी गोलंदाजी. म्हणजे आमच्या मैदानावर टॉस जिंका, मग फलंदाजी घ्या, गोलंदाजी घ्या, हवं तर घरी जा, जिंकणार तुम्हीच. टॉसचा फायदा म्हणजे निवडीचा फायदा. इथे निवड कोणतीही केली तरी चालत होतं. मैदानाला टॉस आवडत होता, नुसता टॉस.

इथे घोडं पेंड खातंय हे मला कळलं. आणि आणखी एक कळलं. बाकीच्या अकरा मैदानांच्या दहा-दहा नोंदी मी मूळ वह्यांशी ताडून पाहिल्या होत्या. गुणलेखकांना फोन करून, फोटो मागवून, त्यांचे टोमणे ऐकून. एकाच मैदानाच्या वह्या मी उघडल्या नव्हत्या, ज्या माझ्याच घरात कपाटात होत्या. अप्पांच्या वह्या काय तपासायच्या!

अप्पांच्या वह्या बघण्यासारख्या असतात. धावा काळ्या शाईने, बळी लाल शाईने, बेरजा खाली पट्टीने आखून. 'माझ्या वहीत खाडाखोड नाही' हे वाक्य ते पाहुण्यांना सरबताबरोबर ऐकवतात. मी पहिल्या पाच मोसमांच्या वह्या काढल्या आणि फक्त टॉसची ओळ बघत गेले. तेरा सामने. तेराही ओळी मोरपंखी शाईने लिहिलेल्या.

मोरपंखी शाईचं पेन मी अप्पांना दिलं होतं. तीन वर्षांपूर्वी.

तेराही सामन्यांत टॉस जिंकणारा आणि सामना जिंकणारा एकच. काळ्या शाईने टॉस लिहिलेले, म्हणजे परिपत्रकानंतरचे त्या-त्या दिवशीच नोंदवलेले सामने अकरा. त्यात सात वेळा टॉस जिंकणारा जिंकला होता. अकरात सात. नाणं उडवून बघा, घरबसल्या येतात.

अप्पा खिडकीपाशी बसून लाल पेनची निब पुसत होते. मी वही त्यांच्यासमोर उघडी ठेवली.

"अप्पा, हे तेरा टॉस तुम्ही कधी लिहिलेत?"

"परिपत्रक आलं तेव्हा."

"आठवत होते?"

"टॉस व्हायचा तेव्हा मी वर खोलीत पेन्सिली लावत असायचो. तिथून खाली दिसतं कुठे? तेव्हा कुणी येऊन सांगायचं नाही, मीही विचारायचो नाही."

"मग कसं लिहिलंत?"

"निकाल होता की समोर. जो जिंकला त्यानेच टॉस जिंकला असणार. आपल्या मैदानावर दुसरं काय होतं?"

"'नोंद नाही' लिहायचं होतंत."

"रिकामं घर?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू त्यांना उघड्यावर आंघोळ करायला सांगितली. "मला रिकामं घर बघवत नाही गं. वही पुरी पाहिजे."

मी त्यांना समजावून सांगितलं. टॉसवरून निकाल ठरतो हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी निकालावरून टॉस लिहिला. त्या टॉसवरून मी निकाल तपासला आणि त्यांना माहीत होतं तेच मला सापडलं. आता त्या सापडलेल्या गोष्टीवरून त्यांच्या मुलाला काढणार होते. जिल्ह्यातल्या आळशी माणसांच्या नोंदी खऱ्या निघाल्या होत्या आणि एका कामसू माणसाची वही खोटी. हे शेवटचं वाक्य मी बोलले नाही. पण अप्पा मूर्ख नाहीत.

"बैठकीत सांगू नकोस," ते म्हणाले. मला त्या क्षणी त्यांचा राग आला, खरा राग. मग ते म्हणाले, "मी सांगतो."

शुक्रवारी कमिटी बसली. पाच खुर्च्यांवर पाच माणसं, मी एका स्टुलावर, अप्पा दाराशी उभे. माझा निष्कर्ष मोठ्या अक्षरांत छापून भिंतीला लावला होता: 'चोवीसपैकी वीस! गणिताने सिद्ध!' खाली माझं नाव, पदवीसकट.

मी उभी राहिले आणि सांगितलं की तेरा नोंदी त्या दिवशीच्या नाहीत, नंतर अंदाजाने भरलेल्या आहेत. त्या वगळल्या तर आमच्या मैदानावर अकरापैकी सात. टॉसचा काही संबंध नसता तरी असं किंवा याहून एकतर्फी दिसण्याची शक्यता पंचावन्न टक्के. सगळी मैदानं धरली तर बासष्ट. म्हणजे टॉसने फरक पडतो असं म्हणायला आपल्याकडे काहीही पुरावा नाही.

"पडत नाही असं सिद्ध झालं का?" खजिनदारांनी विचारलं. संपूर्ण आठवड्यातला हा पहिला शहाणा प्रश्न होता आणि तो नेमका चुकीच्या वेळी आला.

"नाही," मी कबूल केलं. "अकरा सामन्यांवरून तेही सांगता येत नाही. छोटासा परिणाम असेलही, दिसत नाही एवढंच."

"म्हणजे असू शकतो," सेक्रेटरी म्हणाले. "आणि अंदाजाने भरल्या कुणी म्हणे?"

अप्पा दारातून पुढे आले. एकतीस वर्षांत ते त्या खोलीत कधी मोठ्याने बोलले नसतील. "मी भरल्या. निकाल बघून भरल्या. टॉस मी पाहिलेलेच नव्हते. चूक माझी आहे, शिक्षा पोराला देऊ नका."

मला वाटलं, झालं. माझे डोळे भरून आले होते. म्हाताऱ्याने एकतीस वर्षांची अब्रू एका वाक्यात टेबलावर ठेवली होती.

सेक्रेटरी उठले, अप्पांजवळ गेले आणि त्यांनी अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला.

"अप्पा," ते हळुवारपणे म्हणाले, "बापाचं काळीज कळतं आम्हाला. पण पोरासाठी इतकं खोटं बोलू नये माणसाने."

"खोटं नाही. शाई बघा. मोरपंखी आहे."

"शाई नंतरची असेल, आठवण आधीची असेल. एकतीस वर्षं तुमच्या वहीत एक धाव चुकली नाही. पंचांचं चुकलं, तुमचं नाही. आणि तुम्ही बसून तेरा टॉस मनाने लिहिणार? अहो, शेजारच्या मैदानाच्या त्या झोपाळू लेखकाने असं सांगितलं असतं तर मी लगेच मानलं असतं."

पाचही माना हलल्या. सगळ्यांच्या चेहऱ्यावर अप्पांबद्दल नितांत आदर होता. मी म्हटलं, निदान त्या तेरा सामन्यांच्या कर्णधारांना तरी फोन करून विचारू. सेक्रेटरी म्हणाले, हरलेल्याला काय आठवतं आणि जिंकलेल्याला काय विचारायचं? शिवाय परवा सामना आहे.

पाच विरुद्ध शून्य. कर्णधार बदलला. इतिवृत्तात वेगळा ठराव लिहिला गेला: अप्पांच्या नोंदींवर कमिटीचा संपूर्ण विश्वास आहे.

परतताना अप्पा मला एवढंच म्हणाले, "मी खरं बोललो ना गं? नीट बोललो ना?" मी हो म्हटलं. मला त्यांचा हात धरावासा वाटला, आणि मी धरला.

रविवारी अप्पा पेन्सिली लावायला वर गेलेच नाहीत. वही काखेत घेऊन ते खेळपट्टीपाशी जाऊन उभे राहिले, पंचांच्या इतके जवळ की पंच दोनदा म्हणाले, "अप्पा, थोडं मागे." उपकर्णधाराने नाणं जिंकलं. मांडवात टाळ्या अशा वाजल्या की जणू चषकच हातात आला. सेक्रेटरींनी मला लांबून तीन बोटं दाखवली. तीनपैकी तीन.

आमच्या संघाने आधी फलंदाजी घेतली आणि तो सिमेंटसारख्या खेळपट्टीवर एकशे बारा धावांत गुंडाळला गेला. त्यातल्या सत्तेचाळीस धाकट्याच्या, दुखऱ्या गुडघ्यावर पळून काढलेल्या. समोरच्यांनी जेवणानंतर दोन तासांत आटपलं. माळीकाका सगळ्यांना सांगत फिरत होते की खेळपट्टीत काही दोष नव्हता, आणि ते खरंच होतं.

सोमवारी सेक्रेटरींचा फोन आला. आवाज जरा पडलेला.

"आता पंचवीसपैकी वीस झाले. मोडलं का गं आपलं?"

मी मोडलं म्हणून सांगणार होते. तरी सवयीने हिशोब केला. दहा हजारात एकेचाळीस. माझी रेघ होती दहा हजारात एकेचाळीस आणि वर थोडं. केसभर फरकाने, पण अजून रेघेच्या खालीच.

"तुमच्या यादीप्रमाणे नाही मोडलं," मी म्हणाले. "पण ती यादीच..."

"बघ!" ते ओरडले. "हरूनसुद्धा सिद्धच आहे!" आणि फोन ठेवला. उपकर्णधार पुढच्या मोसमासाठी कायम झाला.

अप्पांनी त्याच आठवड्यात पट्टी घेऊन त्या तेरा ओळींवर लाल शाईने रेघ मारली, प्रत्येक रेघेपुढे सही केली आणि वह्या कार्यालयात नेऊन दिल्या. चौथ्या दिवशी त्या परत आल्या. सोबत चिठ्ठी: 'वहीत खाडाखोड असल्याने नोंदी ग्राह्य धरता येत नाहीत. टाइप केलेली प्रतच अधिकृत राहील.'

वह्या जेवणाच्या टेबलावर पडून होत्या. धाकटा गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसला होता. त्याने सहज एक वही ओढली, पानं उलटली आणि एका ठिकाणी थांबला. सात वर्षांपूर्वीचा सामना. कर्णधार म्हणून त्याचा पहिलाच. लाल रेघेखाली मोरपंखी शाईत दिसत होतं की टॉस आमच्या संघाने जिंकला.

"अप्पा, हा टॉस मी हरलो होतो."

अप्पांनी चष्मा लावला. "नक्की?"

"पहिला टॉस विसरेन का मी? छापा मागितला, काटा पडला. त्यांनी आम्हाला फलंदाजीला घातलं. तरी जिंकलो आपण, सतरा धावांनी." तो हसायला लागला. "तुम्ही वर पेन्सिली लावत होतात आणि मी खाली उभा राहून वर बघत होतो, तुम्ही बघताय का म्हणून."

अप्पांनी वही आपल्याकडे घेतली, काळं पेन उघडलं आणि खोडलेल्या ओळीच्या वर, त्यांच्या त्या छापल्यासारख्या अक्षरांत लिहिलं: 'टॉस: पाहुणा संघ.' मग कंसात, वहीत यापूर्वी कधीच न लिहिलेलं: 'कर्णधाराने सांगितल्यावरून.'

शाई वाळेपर्यंत त्यांनी वही धाकट्यासमोर उघडी धरून ठेवली. मी मनातल्या मनात आकडा दुरुस्त केला. रविवारचा सामना आणि हा धरून, तेरापैकी सात.